वीज चमकली की खरखर कुठे होते? एका जर्नलमधल्या तीन ओळींचा उलगडा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर आवाज चढवण्याची रीत, शिकवताना मी मुलांना एक घरचं काम देते. घरात असेल तो रेडिओ लावायचा, एकदा मध्यम लहर आणि एकदा एफएम ऐकायची, आणि जे ऐकू येईल त्याचं कारण जर्नलमध्ये लिहायचं. रत्नागिरी आकाशवाणी 1143 किलोहर्ट्झवर लावून लोक संध्याकाळच्या बातम्या ऐकायचे, तेव्हाचं हे प्रकरण. मे महिन्याची अखेर होती, रोज संध्याकाळी सह्याद्रीवर ढग चढत होते. देवरूखकडच्या एका मुलीनं जर्नलमध्ये लिहिलं होतं:

"वीज चमकली की 1143 वर त्याच क्षणी कडकड आवाज येतो. एफएमवर येत नाही, कारण विजेचा परिणाम फक्त आयामावर होतो आणि एफएममध्ये माहिती आयामात नसते. एफएम अंगणात लागते, घरात लागत नाही, कारण एफएम लांब जात नाही. एफएमचा आवाज स्वच्छ असतो, कारण ते एफएम आहे."

निरीक्षण पक्कं होतं. चमक आणि कडकड एकाच क्षणी, गडगडाट मागाहून, हेही तिनं टिपलं होतं. म्हणजे स्पीकरमधली कडकड हवेतून आलेला आवाज नव्हता, रेडिओच्या अँटेनात शिरलेली विद्युतचुंबकीय लहर होती. पण कारणांच्या तीनही ओळी "एफएम" या एकाच खुंटीला टांगल्या होत्या. बहुतेक जर्नलांत असंच असतं आणि आपण शिक्षकही बरोबरची खूण करून मोकळे होतो. तिन्ही फरकांत मॉड्युलेशनचा वाटा वेगवेगळा आहे, एकात तर तो शून्य आहे. तो वेगळा काढायला आम्हाला बरेच तास लागले.

पहिली ओळ आधी घेऊ, कारण तिच्यातच विषयाचा गाभा आहे.

1143 किलोहर्ट्झ ही वाहक लहर, म्हणजे कॅरियर. निवेदक गप्प असतो तेव्हाही ती चालूच असते, एकाच उंचीची, सेकंदाला अकरा लाख त्रेचाळीस हजार वेळा वरखाली होणारी. मध्यम लहरीवरची केंद्रं एएम असतात: निवेदक बोलला की तिची उंची, म्हणजे आयाम, बोलण्याप्रमाणे कमीजास्त होते. सूत्र असं, त्यात A ही निवेदक गप्प असतानाची उंची, fc कॅरियरची वारंवारिता, fm स्वराची, आणि m म्हणजे उंची किती प्रमाणात कमीजास्त होते तो आकडा:

v(t) = A [1 + m cos(2π·fm·t)] cos(2π·fc·t)

डीएसओच्या, म्हणजे डिजिटल ऑसिलोस्कोपच्या, पडद्यावर लहरींच्या शिखरांवरून जी बाह्यरेषा दिसते तिला एन्व्हलप म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेतल्या किटवर सर्वांत मोठी उंची 8 व्होल्ट आणि सर्वांत लहान 2 व्होल्ट आली, तेव्हा मॉड्युलेशन निर्देशांक निघाला:

m = (8 − 2) / (8 + 2) = 0.6

म्हणजे 60 टक्के मॉड्युलेशन. रिसीव्हरमधला डायोड डिटेक्टर फक्त ही बाह्यरेषा पाहतो. डायोड, त्याच्यामागे कपॅसिटर आणि रेझिस्टर, संपलं. आत येणाऱ्या लहरीची उंची जितकी, तितका त्याचा आउटपुट. उंची निवेदकामुळे वाढली की विजेमुळे, हे त्याला कळण्याचा काही मार्गच नाही. वीज चमकली की अँटेनात एक तीक्ष्ण स्पंद येतो, तो आयएफ फिल्टरमधून, म्हणजे हवं ते एकच केंद्र निवडणाऱ्या गाळणीतून, जाताना थोडा पसरतो आणि कॅरियरवर चढून बसतो. बाह्यरेषेला टेंगूळ येतं, स्पीकरमधून "कड्". एका चमकेत विजेचे अनेक झटके लागोपाठ असतात, म्हणून एकच "टिक्" न येता कडकड अशी ओळ ऐकू येते. इथवर मुलीचं म्हणणं बरोबर.

इथे शक्तीचा हिशेबही करून टाकते, कारण पुढे त्याची गरज पडेल. एएममध्ये 1 किलोहर्ट्झचा स्वर पाठवला तर 1143 च्या दोन्ही अंगांना, 1142 आणि 1144 वर, दोन साइडबँड तयार होतात. बातमी आहे ती या दोघांत. मधला कॅरियर काहीच सांगत नाही. हिशेबासाठी कॅरियर 20 किलोवॉटचा धरू. एकूण शक्ती Pc(1 + m²/2), म्हणजे m = 0.6 असताना 23.6 किलोवॉट. त्यातली साइडबँडची फक्त 3.6. अगदी 100 टक्के मॉड्युलेशन केलं तरी 30 पैकी 10 किलोवॉटच कामाची. त्याच्या पुढे जाता येत नाही, कारण m एकच्या वर गेला की बाह्यरेषा शून्याला टेकून उलटते आणि डायोडला ती वेडीवाकडी दिसते. मग बोलणं फाटतं. म्हणजे विजेशी झुंजायला एएमकडे वरची मर्यादा ठरलेली आहे: स्वराची उंची कॅरियरच्या उंचीपेक्षा मोठी होऊच शकत नाही.

आता एफएम, म्हणजे आवाजाप्रमाणे कॅरियरची वारंवारिता बदलायची पद्धत. इथे मुलं हमखास अडखळतात ती जागा आधी मोकळी करते. वर्गात विचारलं, "स्वर मोठ्यानं वाजवला तर एफएममध्ये काय बदलतं?" तर अर्धा वर्ग म्हणतो, "वारंवारिता जास्त वेगानं बदलते." तसं नाही. कॅरियर 100 मेगाहर्ट्झ धरा. स्वर मोठा झाला की कॅरियर आपल्या जागेपासून जास्त दूर सरकतो, प्रसारणात जास्तीत जास्त 75 किलोहर्ट्झ इकडे आणि 75 तिकडे. याला डेव्हिएशन म्हणतात. आणि स्वर चढा झाला, म्हणजे 1 किलोहर्ट्झऐवजी 5 चा झाला, की ही येजा सेकंदाला हजारऐवजी पाच हजार वेळा होते. किती दूर हे आवाजाच्या मोठेपणावर, किती वेळा हे स्वर किती चढा आहे यावर. या दोन गोष्टी वहीत दोन वेगळ्या ओळींत लिहून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

या सगळ्या काळात लहरीची उंची तीच राहते. म्हणून एफएम रिसीव्हरमध्ये डिटेक्टरच्या आधी लिमिटर नावाचा टप्पा असतो. तो सिग्नल इतका वाढवतो की त्याचे शेंडे सपाट छाटले जातात. उंचीत जे काही टेंगूळ असेल ते तिथेच जातं.

"म्हणजे मॅडम, मी लिहिलंय तेच बरोबर ना?" ती मुलगी म्हणाली.

अर्धं. कारण विजेचा स्पंद कॅरियरची फक्त उंची बदलतो असं नाही. कॅरियर म्हणजे फिरणारा एक काटा समजा, घड्याळातल्यासारखा, लांबी A. विजेचा स्पंद म्हणजे त्याच्या टोकाला जोडलेला एक छोटा काटा, लांबी N. छोटा काटा मोठ्याच्या दिशेत असेल तर लांबी वाढते किंवा घटते, आणि ती लिमिटर छाटतो. पण छोटा काटा काटकोनात असेल तर एकूण काटा थोडा पुढे किंवा मागे कलतो. हा कल म्हणजे फेजमधला बदल, आणि फेज बदलली की तेवढ्यापुरती वारंवारिताही बदलते. लिमिटर त्याला हात लावू शकत नाही. विजेची कडकड एफएममध्येही शिरते, फक्त उंचीच्या दारानं न शिरता फेजच्या दारानं.

मग ती ऐकू का येत नाही? इथे फळ्यावर एक छोटा हिशेब केला. N हा A च्या एक दशांश घेऊ. काटकोनात असताना कल जास्तीत जास्त 0.1 रेडियन, म्हणजे सहा अंशांच्या जरा खाली. आता आपला स्वर त्याच काट्याला किती हलवतो? एफएमचा मॉड्युलेशन निर्देशांक म्हणजे डेव्हिएशन भागिले स्वराची वारंवारिता, आणि हाच आकडा म्हणजे काट्याचा रेडियनमधला झोका. प्रसारणातला सर्वांत चढा स्वर 15 किलोहर्ट्झचा. त्यासाठी 75 भागिले 15, म्हणजे 5 रेडियन. विजेचे 0.1, स्वराचे 5: पन्नासास एक. हीच वीज एएमवर घाला. तिथे स्वराची उंची फार तर A एवढी, विजेची A च्या एक दशांश, म्हणजे दहास एक. खालच्या स्वरांना तर एफएममध्ये झोका आणखी मोठा मिळतो. 1 किलोहर्ट्झला पूर्ण डेव्हिएशन दिलं तर 75 रेडियन.

वर्गात थोडी शांतता झाली, मग मागून एकानं विचारलं, "पण डेव्हिएशन 75 ऐवजी साडेसात ठेवलं तर?" नेमका प्रश्न. 15 किलोहर्ट्झच्या स्वराला झोका अर्धा रेडियन उरतो आणि गुणोत्तर पाचास एक होतं, एएमपेक्षाही वाईट. म्हणजे एफएम असणं पुरेसं नाही, डेव्हिएशन मोठं असावं लागतं. जॉन कार्सन यांनी 1922 मध्ये गणितानं दाखवलं की एफएमनं पट्टा, म्हणजे वारंवारितांची लागणारी जागा, वाचत नाही, आणि या पद्धतीत काही फायदा नाही असं त्यांचं मत झालं. कमी जागेत बसवायच्या एफएमबद्दल ते चुकीचं नव्हतं. एडविन आर्मस्ट्राँग यांनी उलट दिशेनं विचार केला, जागा वाचवण्याऐवजी मुद्दाम जास्त वापरली, आणि 1933 मध्ये रुंद पट्ट्याच्या एफएमची पेटंटं मिळवली. हा किस्सा मी मुलांना आवर्जून सांगते, कारण सूत्र दोघांचं एकच होतं.

फळ्यावरचं पटतं, पण कानावरचं जास्त पटतं. म्हणून आम्ही प्रयोग लावला. तो सविस्तर लिहिते, कारण कुठल्याही पॉलिटेक्निकमध्ये करता येईल असा आहे.

लागलं काय: एएम आणि एफएम दोन्ही देणारा फंक्शन जनरेटर, बॅटरीवरचा साधा रेडिओ, आणि स्वयंपाकघरातला खटका दाबायचा गॅस लायटर. लायटरची ठिणगी म्हणजे टेबलावरची वीज. तिच्यातही सगळ्या वारंवारिता थोड्याथोड्या असतात. जनरेटरच्या आउटपुटला हातभर वायर लावून तिचे काही वेढे रेडिओतल्या फेराइट रॉडच्या, म्हणजे मध्यम लहरीच्या आतल्या अँटेनाच्या, शेजारी ठेवले. आउटपुट अगदी कमी, टेबलाच्या पलीकडे सिग्नल जाता कामा नये. तबकडीवर 1000 किलोहर्ट्झच्या आसपास कुठलंही केंद्र लागत नाही ना, तेही आधी ऐकून घेतलं.

पहिल्या फेरीत एएम, 60 टक्के, स्वर 1 किलोहर्ट्झ. रेडिओतून शिट्टी स्पष्ट. एक फुटावरून लायटर दाबला, खाड्कन आवाज. अपेक्षेप्रमाणे.

दुसऱ्या फेरीत जनरेटरचं बटण एफएमवर, डेव्हिएशन 3 किलोहर्ट्झ, स्वर तोच. रेडिओ मध्यम लहरीवरच, सुई 1000 वरच. शिट्टी जवळपास गायब, नीट कान दिला तर दुप्पट चढी, 2 किलोहर्ट्झची बारीक शिट्टी. मुलं म्हणाली, "बघा, एएम रेडिओला एफएम कळत नाही." मग सुई चार-पाच किलोहर्ट्झ बाजूला सरकवली, आणि 1 किलोहर्ट्झची शिट्टी खणखणीत ऐकू आली.

कारण रेडिओच्या आयएफ फिल्टरचा आकार टेकडीसारखा असतो. कॅरियर माथ्यावर असेल तर तो इकडे सरकला काय, तिकडे सरकला काय, दोन्ही बाजूंना उंची घटतेच. एका फेऱ्यात दोनदा घट, म्हणून स्वर दुप्पट चढा. कॅरियर उतारावर आणला की एका बाजूला सरकताना उंची वाढते, दुसऱ्या बाजूला घटते. वारंवारितेतला बदल उंचीतल्या बदलात रूपांतरित होतो आणि डायोड तो वाचतो. याला स्लोप डिटेक्शन म्हणतात.

आणि आता लायटर. खाड्कन आवाज, एएमइतकाच. सिग्नल शंभर टक्के एफएम, तरी विजेपासून संरक्षण काहीच नाही. का, ते मुलांनी स्वतः सांगितलं: वाटेत लिमिटर नव्हता, आणि डेव्हिएशनही तोकडं होतं.

तिसऱ्या फेरीत तोच रेडिओ एफएम बँडवर, जोरात लागणाऱ्या केंद्रावर. लायटर दाबला, काहीच नाही म्हटलं तरी चालेल. मग टेलिस्कोपिक अँटेना हळूहळू आत सारली. बराच वेळ काहीच फरक नाही, आणि मग एकदम, थोड्याशाच अंतरात, फुसफुस सुरू झाली आणि लायटरची टकटकही ऐकू यायला लागली. याला एफएमचा उंबरठा म्हणतात. N जोवर A पेक्षा बराच लहान आहे तोवर छोटा काटा मोठ्याला फक्त थोडासा कलवतो. N जर A च्या बरोबरीला आला तर एकूण काटा मध्येच एक पूर्ण गिरकी घेऊ शकतो, आणि प्रत्येक गिरकीचा एक "टक्". मध्यम लहर अशी कोसळत नाही. ती बिघडते पण हळूहळू, खरखरीतूनही बोलणं कळत राहतं. एफएम एकतर छान असते, नाहीतर नसतेच.

एक गोष्ट या प्रयोगातून सुटते, ती मी वेगळी सांगितली. विजेची ऊर्जा खालच्या वारंवारितांत सर्वांत जास्त असते आणि वर जाऊ तशी घटत जाते. 1 मेगाहर्ट्झला जेवढा उपद्रव, त्याच्या कितीतरी कमी 100 मेगाहर्ट्झला. शिवाय रात्री मध्यम लहरींवर शेकडो किलोमीटर दूरच्या विजांची खरखर आयनांबरावरून परावर्तित होऊन येते, आकाश निरभ्र असलं तरी. म्हणजे मुलीच्या घरी एफएम शांत होती त्याचा काही भाग लिमिटरचा, काही मोठ्या डेव्हिएशनचा, आणि काही निव्वळ बँडचा. 100 मेगाहर्ट्झवर एएम असतं तरी ते मध्यम लहरीपेक्षा शांतच असतं.

दुसऱ्या ओळीकडे वळलो, "एफएम लांब जात नाही". इथे मिरकरवाड्यातला एक मुलगा उठला. घरची मासेमारीची बोट. तो म्हणाला, "मॅडम, बोटीवर रत्नागिरी केंद्र खूप आतपर्यंत लागतं, एफएम थोडं गेलं की बंद. आणि वायरलेस सेटसुद्धा दुसरी बोट फार लांब गेली की ऐकू येत नाही."

हा वायरलेस सेट म्हणजे मरीन व्हीएचएफ. चॅनल 16, 156.8 मेगाहर्ट्झ, आणि तोही एफएम. मुलाच्या मते यावरून मुलीचंच म्हणणं सिद्ध होत होतं. मी त्याला विमानाबद्दल विचारलं. मुंबईकडे जाणारी विमानं कोकणावरून जातात. त्यांचं कंट्रोल टॉवरशी बोलणं 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये चालतं, आणि ते एएम असतं. मग विमानाचा सिग्नल मध्यम लहरीसारखा रात्री दूर दूर पोचतो का? नाही. तोही सरळ रेषेतच जातो.

या वारंवारितांना लहर साधारण क्षितिजापर्यंतच पोचते. हवेनं थोडी वाकते तेवढा फायदा धरून अंतराचं सूत्र असं:

d = 4.12 (√h1 + √h2)

उंची मीटरमध्ये, अंतर किलोमीटरमध्ये. दोन बोटींच्या अँटेना पाण्यापासून पाच-पाच मीटरवर असतील तर अंतर सुमारे 18 किलोमीटर, म्हणजे दहाएक सागरी मैल. मुलगा लगेच म्हणाला, "बरोबर, साधारण तेवढंच." विमान दहा हजार मीटरवर असेल तर एकट्या त्याच्या उंचीचे 412 किलोमीटर. बोटीचं एफएम 18 आणि विमानाचं एएम 400, फरक सगळा उंचीचा. सूत्रात मॉड्युलेशनला जागाच नाही.

मध्यम लहरीचा मार्ग वेगळा. ती जमिनीला धरून सरकते आणि खालचा पृष्ठभाग जितका चांगला वाहक तितकी कमी झिजते. खारं पाणी उत्तम वाहक, आणि आपला कोरडा जांभा अगदी वाईट. त्यामुळे तेच केंद्र समुद्राकडे कितीतरी लांब जातं आणि घाटाकडे लवकर दमतं. देवरूखच्या बाजूला डोंगरांच्या कुशीतल्या घरात एफएमला थेट रेषा मिळत नाही. अंगणात समोरच्या डोंगरावरून आपटून आलेली लहर मिळते, घरात भिंतींनी तीही जाते. उंबरठा म्हटला तो इथेच आडवा येतो: अंगणात सिग्नल जेमतेम वर, घरात जेमतेम खाली.

मग सगळी एफएम केंद्रं या तोकड्या पल्ल्याच्या बँडात का ठेवली? याचं उत्तर मॉड्युलेशनमध्ये आहे, पण आडवळणानं. कार्सन यांच्याच नियमानं रुंद एफएमला लागणारा पट्टा म्हणजे 2(75 + 15), 180 किलोहर्ट्झ. आपल्याकडची मध्यम लहर 531 ते 1602 किलोहर्ट्झ, दर 9 किलोहर्ट्झला एक जागा. (1143 ला 9 नं भागून बघा, 127 येतात. मुंबईचे 558 आणि 1044 सुद्धा नेमके भागले जातात. मुलांना हे फार आवडतं.) दोन्ही कडांसकट सगळी रुंदी 1080 किलोहर्ट्झ. त्यात 180 ची केंद्रं बसतील सहा. एएमच्या 120 जागांऐवजी सहा! म्हणून रुंद एफएमला वर, जिथे जागा भरपूर आहे तिथे जावं लागलं, आणि तिथल्या लहरींचा क्षितिजापुरता पल्ला पदरात पडला. तोकडा पल्ला हा एफएमचा गुण नव्हे, तिच्या पत्त्याचा गुण आहे.

तिसऱ्या ओळीला फार वेळ लागला नाही, उत्तर वरच्याच आकड्यात होतं. 9 किलोहर्ट्झच्या जागेत दोन साइडबँड बसवायचे म्हणजे प्रत्येकाला साडेचार. शेजाऱ्याच्या हद्दीत न जाता साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज पाठवता येतो. प्रत्यक्षात थोडी ढिलाई असते, पण स्वस्त रेडिओचा फिल्टर ती खाऊन टाकतो. "स" आणि "श" मधली सळसळ आणि झांजेची किणकिण त्याच्या वरच्या भागात असते, म्हणून ती हरवते. एएमला 30 किलोहर्ट्झची जागा दिली तर 15 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज तीही नेईल. घुमा आवाज दाटीमुळे, एएममुळे नाही. विजेचा विषय सोडला तर.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती, पण मिरकरवाड्याच्या मुलानं दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रश्न आणला. विमानं व्हीएचएफवर आहेत, तिथे जागा आहे, एफएम शांत असतं, मग ती अजून एएमवरच का? आणि बोटी मात्र एफएमवर?

यात इतिहासाचा भाग आहेच, जगभरातली विमानं एका दिवसात सेट बदलू शकत नाहीत. पण त्यामागे एक तांत्रिक कारणही आहे आणि ते आपल्या दोन काट्यांतूनच निघतं. आता छोटा काटा वीज न समजता दुसरं केंद्र समजा, त्याच वारंवारितेवर बोलणारं, जरा दुबळं. लिमिटर असलेल्या एफएम रिसीव्हरमध्ये एकूण काटा मोठ्याच्याच मागे फिरतो. छोट्याचा परिणाम थोड्याशा कलापुरता उरतो आणि जवळपास ऐकूच येत नाही. जरा जोरकस असलेलं केंद्र दुसऱ्याला पुरतं झाकून टाकतं. याला कॅप्चर म्हणतात. एएममध्ये डायोडला दोन्हीच्या बेरजेची उंची दिसते. दोन कॅरियर थोड्या फरकानं वेगळे असतात, त्यामुळे फरकाच्या वारंवारितेची किंचाळी येते आणि मागून दोघांचंही बोलणं अर्धवट ऐकू येतं.

टॉवरमधल्या माणसाला ही किंचाळी हवी असते. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले हे त्याला लगेच कळतं आणि तो पुन्हा विचारतो. एफएम असतं तर जवळचा वैमानिक स्वच्छ ऐकू आला असता आणि दुसरा बोलला होता याचा पत्ताच लागला नसता.

"म्हणजे चॅनल 16 वर," तो मुलगा सावकाश म्हणाला, "लांबच्या बोटीनं मदत मागितली आणि त्याच वेळी जवळची बोट बोलत असली, तर आम्हाला जवळचीच ऐकू येणार."

हो. आणि बोट एका जागी असेल तर पुन्हापुन्हा तेच होत राहणार. म्हणूनच 16 वर हाक मारून झाली की लगेच दुसऱ्या चॅनलवर जाऊन बोलायचं असा नियम आहे, आणि मरीन सेटवर शक्ती 25 वॉटवरून 1 वॉटवर आणायचं बटण असतं. बंदरात शेजारच्या बोटीशी बोलताना ते 1 वर ठेवायचं. त्यानं जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं, बाबांच्या सेटवर हे बटण कुठे असतं ते घरी जाऊन बघायचं.